एकविसावी पट्टी

घराला कुलूप लावून तीन पायऱ्या उतरल्यावर परत चढायचं आणि कुलूप ओढून पाहायचं, हा सरांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता होता. पहिल्या ओढण्यावर त्यांचा विश्वास नसे. दुसऱ्यावर असे. तिसऱ्यांदा मात्र ते कधी ओढत नसत, कारण माणसाने उगाच संशयी असू नये असं त्यांचं मत होतं.

कॉलेजात त्यांना सगळे ‘दोनदा सर’ म्हणत. संख्याशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत ते प्रात्यक्षिकं घेत. उत्तरपत्रिका दोनदा तपासत, बेरीज दोनदा करत, आणि हजेरी घेतल्यावर डोकी पुन्हा एकदा मोजत. ‘उपस्थित’ म्हणणारा मुलगा खरंच उपस्थित असतो, एवढा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. इतकं करून प्राध्यापकपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही. पण सव्वीस वर्षांत त्यांनी दिलेला एकही गुण कधी बदलावा लागला नव्हता. हे ते कुणाला सांगत नसत. विषय निघाला तरच सांगत, आणि विषय निघेल याची काळजी घेत.

त्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप दोनदा ओढलं, तिसऱ्यांदाही ओढलं. लेक पायरीवर उभी राहून बघत होती.

“बाबा, कुलूप लागलंय. तुमचं काय बिनसलंय ते सांगा.”

सर पायऱ्या उतरायला लागले. सौ. वाचनालयात नोकरीला होत्या. त्या रस्त्यावर पोचूनही गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी लेकीला सुनावलं, की त्यांना काही विचारू नकोस, रात्रभर कूस बदलत होते, उशी दोनदा उलटी केली आणि मग दोनदा सुलटी.

बिनसलं होतं ते एका अर्जामुळे. आदल्या दिवशी विभागप्रमुख मॅडमनी तो सरांच्या हातात ठेवला होता. एका विद्यार्थिनीने दोन ओळींत लिहिलं होतं: प्रात्यक्षिक परीक्षेतला चौथा प्रश्न कृपया पुन्हा पाहावा. बस. कशासाठी, काय चुकलं, काही नाही. मुलीला पन्नासपैकी अठरा गुण होते, उत्तीर्ण व्हायला वीस लागत. चौथ्या प्रश्नाला दहा गुण होते आणि तिला त्यात दोनच मिळाले होते. ती नापास म्हणजे तिचं वर्ष गेलं. गुणांची यादी आज चार वाजता मुख्य कार्यालयात जायची होती, आणि एकदा गेलेली यादी परत येत नसे. मॅडम म्हणाल्या होत्या, दुपारी दोनला या आणि तुमचं मत सांगा. तुम्ही सांगाल ते अंतिम.

त्या दोनदा उलटलेल्या उशीच्या मुळाशी हे ‘अंतिम’ होतं.

चौथा प्रश्न त्यांचाच होता. एका रुग्णालयाच्या धुलाईखात्यात रोज किती चादरी येतात, याचे लागोपाठ दोनशे दिवसांचे आकडे त्यांनी स्वतः जाऊन उतरवून आणले होते. दोनदा, अर्थात. मुलांनी त्या आकड्यांवरून आंशिक स्वसहसंबंधाचा आलेख काढायचा, आणि आजच्या चादरींचा अंदाज बांधायला मागचे किती दिवस हाताशी लागतील ते त्यावरून सांगायचं. म्हणजेच मॉडेलची ऑर्डर ठरवायची, कारण लिहायचं आणि समीकरणाचा साचा मांडायचा. प्रत्येक दिवसाच्या वाट्याचे गुणक काढायचे नव्हते, ते पुढच्या सत्रात.

हा आलेख शिकवण्यात सरांचा हातखंडा होता. दरवर्षी ते एकच उदाहरण देत. समजा, घरात आजोबा तापट आहेत, बाप तापट आहे आणि नातूही तापट आहे. आजोबांचा आणि नातवाचा तापटपणा जुळतो, हे झालं साधं स्वसहसंबंधाचं मोजमाप. पण तो ताप नातवाकडे बापामार्फत आला, की आजोबांनी बापाला वगळून थेट पोचवला? मधल्या बापाचा वाटा काढून टाकल्यावर आजोबांचं स्वतःचं जे उरतं, ते आंशिक. परवाचा दिवस आजवर जो परिणाम करतो, त्यातला कालच्या हातून आलेला भाग वजा करायचा, उरलेलं परवाचं. मुलं हसत, आणि एखादा तरी विचारी, की सर, आजी कुठे बसते? आजी, सर म्हणत, हिशोबात बसत नाही. ती हिशोब करते.

मग ते फळ्यावर एक आडवी रेघ काढत, तिच्यावर उभ्या पट्ट्या, आणि वर-खाली दोन तुटक रेषा. या तुटक रेषांच्या आत जी पट्टी राहते ती गोंगाट, सोडून द्या. बाहेर गेली ती खरी. सुरुवातीच्या पट्ट्या बाहेर जातात आणि मग एकदम आत येतात. बाहेरच्या मोजा, तीच ऑर्डर. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. मुलांच्या वहीत ‘बाहेरच्या मोजा’ हे दोन शब्द चौकटीत असत.

चादरींच्या आलेखात सरांनी मोजल्या तेव्हा सुरुवातीला तीन पट्ट्या बाहेर होत्या. उत्तर तीन. पस्तीस मुलांपैकी एकतीस जणांनी तीनच लिहिलं होतं. तिघांनी भलतंच काहीतरी लिहिलं होतं. आणि या मुलीने दोन लिहिलं होतं, खाली एक रेघ मारून, ठामपणे.

सरांना ती मुलगी आठवत होती ती गैरहजेरीमुळे. सकाळी ती औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला अर्ध्यावर धापा टाकत यायची. पट्ट्या मोजायच्या दोन्ही तासांना तर आलीच नव्हती. सरांनी तिला एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, की बाई, तुझी हजेरी ही मालिका स्थिर आहे का, की ती खालीच जात राहणार? वर्ग हसला होता. तीही हसली होती, जरा उशिरा.

आता प्रयोगशाळेत बसून सर त्या आलेखाकडे बघत होते. कारण त्यांना वाटत होतं, की मुलीने कुठे बोट ठेवलंय ते आपल्याला कळलंय. तेरावी पट्टी. दूर उजवीकडे एक पट्टी तुटक रेषेच्या बाहेर डोकं काढून उभी होती, शाळेच्या रांगेतून मान बाहेर काढणाऱ्या पोरासारखी. नमुना उत्तरपत्रिकेत सरांनी त्या पट्टीला गोंगाट म्हटलं होतं. पण मुलगी म्हणाली, ही बाहेर आहे, मग का नाही मोजली, तर? तुमचाच नियम आहे ना, बाहेरच्या मोजा? की त्या मुलीने आणखी काहीतरी पाहिलंय? तेरा दिवसांनी रुग्णालयात खरंच काही होत असेल तर?

दहा वाजता त्यांनी धुलाईखात्यात फोन लावला. तिथल्या मुकादमीण बाई ओळखीच्या होत्या. आकडे त्यांनीच दिले होते. सरांनी घसा साफ करून विचारलं, की दर तेरा दिवसांनी तुमच्याकडे काही घडतं का. म्हणजे मोठी धुलाई, यंत्राची दुरुस्ती, नवीन चादरी, काहीही.

“दर तेरा दिवसांनी?” बाईंनी बराच विचार केला. “माझा नवरा भांडी घासतो. त्याने तुमच्या आकड्यांत काही फरक पडतो का?”

सरांनी नाही म्हटलं, आभार मानले आणि फोन ठेवला. मग वाटलं, आभार मानले की नाही? दोन मिनिटं ते या विचारात होते.

त्यानंतर त्यांनी बचावाची तयारी सुरू केली. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात मुद्दे लिहिले. त्या तुटक रेषा पंच्याण्णव टक्क्यांच्या असतात. निरीक्षणं दोनशे, त्यामुळे पट्टा शून्याच्या वर-खाली सुमारे शून्य पूर्णांक चौदा शतांशांचा. मागे काहीही नसतानाही वीसपैकी एखादी पट्टी केवळ योगायोगाने बाहेर जाणार, तिच्यात अर्थ शोधायचा नसतो. चौकशी केली, तेरा दिवसांनी काही घडत नाही. नवऱ्याचा मुद्दा त्यांनी लिहिला नाही.

कागद वाचला, पुन्हा वाचला. साडेबारा झाले होते. डबा तसाच होता. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ती मुलगी येऊन बसली होती. दारातून तिची पिशवी आणि एक पाय दिसत होता. पाय सारखा हलत होता. सरांचाही हलत होता, टेबलाखाली.

मॅडमसमोर ‘वीसपैकी एक’ म्हणायचं, तर पट्ट्या खरंच वीस आहेत ना, हे पाहिलं पाहिजे. सरांनीच परीक्षेत वीस दिवस मागेपर्यंतचा आलेख काढायला सांगितलं होतं, म्हणजे वीस असणारच. तरी त्यांनी पेन्सिल घेतली आणि डावीकडून एकेक पट्टीवर बारीक टिंब देत गेले.

एकवीस.

डोळ्यांना थकवा आला असेल म्हणून चष्मा पुसला आणि उजवीकडून मोजत आले. एकवीस.

वीस दिवसांना एकवीस पट्ट्या. मग त्यांनी जे सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: पट्ट्यांकडे न पाहता खालच्या रेघेवरचे आकडे वाचले. बारीक छापलेले होते. उजवीकडच्या टोकाला वीस. मग पंधरा, दहा, पाच. आणि डावीकडे, त्या पहिल्या, सगळ्यांत उंच, ठणठणीत पट्टीच्या खाली शून्य.

जुन्या संगणकांवरचा प्रोग्राम पहिली पट्टी एक दिवस मागची काढायचा. तिथे बाहेरच्या पट्ट्या मोजणं म्हणजेच दिवस मोजणं. सुट्टीत प्रयोगशाळेत नवे संगणक आले, नवा प्रोग्राम आला, आणि हा पहिली पट्टी शून्य दिवस मागची काढत होता. शून्य दिवस मागे म्हणजे आज. आजचा आजशी संबंध. तो नेहमी पूर्ण एक असतो. न सांगता, न मोजता, जगातल्या कुठल्याही चादरींच्या बाबतीत. वर्गात सरांनी वापरलेले नमुने मात्र जुन्या यंत्रावरचे होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले. म्हणून वर्गात कुणाला काही खटकलं नाही. परीक्षा नव्या यंत्रावर झाली, आणि एकतीस मुलांनी सरांनी शिकवलं तसं, चौकटीतल्या दोन शब्दांप्रमाणे, बाहेरच्या पट्ट्या मोजल्या. शून्यासकट.

आता सरांना आठवायला लागलं, की नमुना उत्तरपत्रिका बनवताना ती पहिली पट्टी त्यांच्या डोळ्यांना टोचली होती. अगदी एक कशी? कालच्या चादरी आणि आजच्या चादरी हुबेहूब? असं खरं असतं तर ही मालिका भरकटणारी असती, तिच्या लागोपाठच्या दिवसांतले फरक काढूनच पुढे जावं लागलं असतं. हे त्यांच्या मनात आलं होतं. आणि त्याच वेळी परीक्षेच्या कपाटाला कुलूप लावलं का ही शंका आली होती, म्हणून ते उठून गेले होते. कुलूप लावलेलं होतं.

खात्री करायला हवी होती. त्यांनी चादरींचे आकडे पुन्हा भरले आणि तीन ऑर्डरचं मॉडेल यंत्राला बसवायला सांगितलं. अशा मॉडेलचा शेवटचा गुणक म्हणजेच त्या दिवसाचा आंशिक स्वसहसंबंध, हे तेच मुलांना सांगत. तिसऱ्या दिवसाचा गुणक आला शून्य पूर्णांक चार शतांश, आणि त्याची प्रमाणित चूक सात शतांश. म्हणजे काहीच नाही. मग दोनचं मॉडेल बसवलं. दुसऱ्या दिवसाचा गुणक एकतीस शतांश, ठणठणीत बाहेर. त्यांनी पुन्हा एकदा दोन्ही मॉडेलं बसवली. यंत्राने तेच आकडे निमूट पुन्हा दिले. यंत्राला दोनदा विचारल्याचं वाईट वाटत नाही, एवढाच त्यातल्या त्यात दिलासा.

उत्तर दोन होतं. मुलीचं.

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. टेबलावर तेराव्या पट्टीचा बचाव तयार पडला होता, मुद्देसूद, मोठ्या अक्षरात. मॅडमचा विषय संभाव्यता. पट्ट्यांकडे त्या डोळे बारीक करून बघायच्या आणि तुम्हीच बघा म्हणायच्या. अर्जात काही कारण नव्हतं. कागद नेऊन ठेवला असता तर मॅडमनी मान डोलावली असती, चार वाजता यादी गेली असती, आणि सव्वीस वर्षांत एकही गुण न बदललेला माणूस सव्वीस वर्षांत एकही गुण न बदललेलाच राहिला असता.

हा विचार सरांच्या मनात आला. किती वेळ राहिला ते त्यांनी पुढेही कधी सांगितलं नाही. एवढं खरं, की त्यांनी डबा उघडला, आणि न खाताच झाकण पुन्हा लावलं. बाहेर तो पाय अजून हलत होता.

ते उठून व्हरांड्यात गेले. मुलगी धडपडत उभी राहिली. सरांनी तिला बस म्हटलं, आणि तिच्या शेजारी बाकावर स्वतः बसले, त्यामुळे ती आणखीच घाबरली.

“तू दोन कसं काढलंस?”

“चुकलं का सर?”

“कसं काढलंस ते विचारतोय.”

“खालचे आकडे वाचले,” ती पिशवीचा पट्टा पिळत म्हणाली. “पहिली पट्टी शून्यावर होती, म्हणून सोडली. आजचा आजशी संबंध असणारच ना. मग एकवर आणि दोनवर बाहेर होती. तीनवर नव्हती.”

“तुला मोजायला नाही सांगितलं कुणी? बाहेरच्या?”

“त्या तासांना मी नव्हते सर. पुस्तकातून वाचलं.”

मग सरांनी विचारलं, की हे सगळं अर्जात का नाही लिहिलं. एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर काम झालं असतं.

“लिहिलं होतं,” मुलगी म्हणाली. “मग खोडलं. सगळे म्हणाले, सर दोनदा बघतात. म्हटलं, मग माझंच चुकलं असेल.”

सरांनी तिला एवढंच सांगितलं, की चारपर्यंत कुठे जाऊ नकोस, आणि काही खाऊन घे. डबा तिच्या हातात देऊन ते थेट मॅडमच्या खोलीकडे गेले. दोनला बोलावलं होतं, ते पावणेदोनलाच पोचले. दारावर टकटक केली, आणि पहिल्यांदाच, उत्तर येण्याची वाट न पाहता आत गेले.

मॅडम आलेखाकडे, सरांकडे आणि पुन्हा आलेखाकडे बघत ऐकत होत्या. सरांनी शून्यापासून सगळं सांगितलं. कुठेही यंत्राचं नाव पुढे केलं नाही, प्रोग्रामने आकडा बरोबर छापला होता, मी वाचला नाही, असंच म्हणाले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“म्हणजे एकतीस जणांचं चूक आहे?” त्यांनी विचारलं.

“चूक माझं आहे. त्यांनी माझं ऐकलं.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, की मुलीला पूर्ण गुण द्या. तीन लिहिणाऱ्यांचे गुण कापू नका. शून्य मोजायला आपण शिकवायचं आणि शिक्षा त्यांना द्यायची, हे बरं दिसत नाही. पण पुढच्या आठवड्यात सगळ्यांना बसवून हे नीट शिकवा. तीन ऑर्डरने काही आभाळ कोसळत नाही, एक फुकटचा गुणक वाढतो, पण का वाढतो ते त्यांना कळलं पाहिजे. यादीत बदल झाला, तर कारण लिहावं लागेल. कार्यालयात काहीतरी गुळगुळीत लिहिता येतं, तांत्रिक कारणास्तव वगैरे.

सरांनी ते ऐकलं, आणि यादीच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: परीक्षकाने आलेखाच्या अक्षावरील आकडे वाचले नाहीत. खाली सही केली. सव्वीस वर्षांत प्रथमच त्या यादीत एका अठराचे सव्वीस झाले. सरांनी तो आकडा एकदा लिहिला, आणि मॅडमच्या लक्षात आलं, की त्यांनी तो पुन्हा तपासला नाही. किंवा तपासला असेल, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

चाराला दहा मिनिटं कमी असताना यादी गेली. नेणाऱ्या शिपायाला सरांनी दोनदा हाक मारून विचारलं, की नीट दिली ना. दिली, तो म्हणाला. दोनदा देऊ का?

मुलगी बाकावरच होती. सरांनी तिला सव्वीस सांगितले, तेव्हा ती आधी ऐकूनच घेईना. मग एकदम डोळे पुसत रिकामा डबा पुढे करून म्हणाली, की सर, मी सगळं संपवलं, सॉरी. सर म्हणाले, बरं झालं. आणि मग म्हणाले, की पुढच्या आठवड्यात पट्ट्यांचा तास आहे. दुकानातून सुट्टी मिळाली तर ये. ऐकायला नको. तू सांगायला ये.

संध्याकाळी घरी सौ.नी चेहरा बघूनच ओळखलं, की काहीतरी होऊन गेलंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आजचा आजशी संबंध आणि शून्यावरची पट्टी. लग्नानंतर एवढी वर्षं, त्या म्हणाल्या, सगळ्या जगाची काळजी तुम्ही करता, फक्त स्वतःकडे बघायचं राहतं. आता यंत्राने ते काढूनच दाखवलं. लेक हसली. सरही हसले, जरा उशिरा.

जेवण झाल्यावर ते अचानक उठले आणि फोन शोधायला लागले. आता काय राहिलं, म्हणून सौ.नी विचारलं. सरांचा चेहरा पुन्हा उतरला होता. शून्य काढून टाकलं, की सगळ्याच पट्ट्या एक घर डावीकडे सरकतात, ते म्हणाले. दूरची ती पट्टी तेरावर नव्हतीच. सकाळी आपण धुलाईखात्यातल्या बाईंना चुकीचा आकडा सांगितला.

मुकादमीण बाईंनी घरी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

“बाई, मी सकाळचा. तेरा नाही, बारा. दर बारा दिवसांनी काही होतं का?”

पलीकडे मागून भांड्यांचा आवाज येत होता.

“थांबा,” बाई म्हणाल्या, “ह्यांना विचारून सांगते.”